पुरवणीतल्या फोटोतून सुमनताई गायब: संपादकांना पत्र कसं लिहायचं?

रविवार

अनघा (बी-304), सकाळी 7:52
आजच्या पुरवणीत पान 3 वर आपल्या खतखड्ड्यांच्या प्रमाणपत्राचा फोटो आलाय. सगळ्यांनी बघा आणि सुमनताई कुठे आहेत ते मला सांगा. फोटो मीच काढला होता. डावीकडून दुसऱ्या त्या उभ्या होत्या, देशपांडे काका आणि नीलिमाताईंच्या मध्ये. छापलेल्या फोटोत तिथे क्रोटनची कुंडी आहे.

नीलिमा (ए-101), 7:58
आत्ताच पेपर उघडला. अगं, माझा खांदा त्यांच्या खांद्याला लागला होता! आता बाजूला नुसती मोकळी जागा दिसतेय.

कुलकर्णी सेक्रेटरी, 8:03
जागा कमी पडली म्हणून कापला असेल. पेपरवाले फोटो नेहमीच कापतात.

अनघा, 8:05
काका, कडेचा माणूस कापता येतो. दोघांच्या मधला कसा कापणार? आणि ओळीत खाली आठच नावं आहेत. आपण नऊ जण होतो.

प्रमोद (सी-202), 8:14
मी मसुदा तयार केलाय: "आपल्या कार्यालयाने एका कष्टकरी महिलेला जाणीवपूर्वक फोटोतून पुसून टाकले, याचा आम्ही तीव्र निषेध करतो." सगळ्यांचं हो असेल तर आत्ता ईमेल करतो.

माधवकाका (ए-403), 8:20
प्रमोद, जरा थांब. पत्र पाठवायचंच आहे, मी पहिली सही करीन. पण मी 26 वर्षं छापखान्यात प्रोसेसिंगला काढली आहेत. तुझ्या वाक्यातल्या "आपल्या कार्यालयाने" आणि "जाणीवपूर्वक" या दोन्ही गोष्टी आज तरी आपल्याला ठाऊक नाहीत. आधी फोटो नीट बघू. भिंग घेऊन बसतो. कोणीतरी ई-पेपरचं पानही उतरवून ठेवा, नंतर ते बदललं तर हातात काही राहणार नाही. आणि कात्रण कापताना वरची तारीख आणि पान क्रमांक ठेवा.

माधवकाका, 9:10
पाहिलं. जे दिसलं तेवढंच लिहितो.

सगळ्यात आधी प्रमाणपत्राची खालची कड बघा. देशपांडे काकांचे दोन्ही हात वरच्या बाजूला आहेत. खाली मात्र चार बोटांची टोकं दिसतात, नारिंगी रंगाची. त्या बोटांना मनगट नाही, हात नाही, अंग नाही. त्या दिवशी नारिंगी हातमोजे कोणाच्या हातात होते?

नीलिमा, 9:12
सुमनताईंच्या. खड्डा वरखाली करताना त्यांना हाक मारली होती, त्या तशाच आल्या. अंगावर काटा आला हे वाचून.

माधवकाका, 9:19
दुसरी खूण जमिनीवर आहे. फोटो सकाळचा, ऊन एका बाजूने, सगळ्यांच्या सावल्या उजवीकडे तिरप्या पडल्यात. पुढच्या रांगेतल्या माणसांच्या पायांपासून सावल्या मोजत जा. देशपांडे काकांच्या सावलीनंतर आणखी एक सावली आहे, तिला पायच नाहीत. माणूस काढणारा माणूस पुसतो, सावलीकडे त्याचं लक्ष जात नाही.

तिसरी खूण ती कुंडी. आवारात क्रोटनची कुंडी एकच आहे, अगदी उजवीकडे, तिचं एक पान वळलेलं आणि पिवळं. मधल्या कुंडीतही त्याच जागी तसंच पान, तसंच वळलेलं. म्हणजे उजवीकडचा तुकडा उचलून मोकळ्या जागेवर लावलाय. कुंडीच्या बुडाशी पेव्हर ब्लॉकची नागमोडी रेषही तुटते आणि दोन बोटं सरकून पुढे सुरू होते.

रोहन (सी-404), 9:26
काका, नेटवर फोटो तपासायची साधनं असतात. फोटो टाकला की फेरफार रंगून दाखवतात. कात्रण स्कॅन करून टाकू का?

माधवकाका, 9:34
नको. वर्तमानपत्रातला फोटो ठिपक्यांचा असतो. निळा, किरमिजी, पिवळा, काळा, अशा चार प्लेटा एकावर एक छापतात. वर्तमानपत्री कागदावर स्क्रीन जाडच ठेवावी लागते, इंचाला साधारण 85 ते 100 ओळी. त्या स्कॅनवर ही साधनं ठिपकेच तपासतील आणि सगळा फोटोच संशयास्पद दाखवतील.

उलट भूलही पडते, ती सांगून ठेवतो. प्लेट जराशी हलली की माणसाच्या कडेला रंगीत किनार येते आणि लोकांना वाटतं कापून चिकटवलंय. देशपांडे काकांच्या कानाजवळची लालसर कड तशीच आहे, पानभर सगळ्या फोटोंना ती आहे. ती पत्रात लिहायची नाही. छपाईचा दोष आपण फेरफार म्हणून दाखवला तर बोटांचा मुद्दाही ते त्याच टोपलीत टाकतील.

खरा पुरावा म्हणजे मूळ फोटो. अनघा, तो तुझ्या फोनमध्ये आहे ना?

अनघा, 9:37
आहे. लागोपाठ तीन काढले होते, तिन्हींत त्या आहेत. इथे टाकते.

माधवकाका, 9:40
इथे टाकलेला चालणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून गेला की तो बारीक होतो आणि आतली माहिती, म्हणजे कधी काढला, कोणत्या फोनने, ती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठव किंवा ईमेलला जोड. आणि फोनमधल्या मूळ प्रतीला हात लावू नकोस, उजेड वाढवणंही नको.

आता महत्त्वाचा प्रश्न. पेपरला फोटो कोणी दिला?

कुलकर्णी सेक्रेटरी, 9:51
ग्रुपवरून उचलून मीच वार्ताहराला पाठवला. आत्ता तो संदेश उघडून पाहिला, त्यात नऊच्या नऊ जण आहेत. पण एक सांगायला हवं. वॉर्ड ऑफिसातल्या एकाने मागितला म्हणून त्यालाही दिला होता. तो म्हणाला होता, आम्हीही प्रेसनोटबरोबर पाठवतो. हे आधीच सांगायला हवं होतं, चुकलं.

माधवकाका, 9:58
बरं झालं सांगितलंत. म्हणजे फोटो पेपरकडे दोन वाटांनी गेला असू शकतो. छापलेल्या फोटोखाली छायाचित्रकाराचं नावही नाही, म्हणजे तो बाहेरून आलेला असणार. बदल वॉर्ड ऑफिसात झाला, वाटेत कुठे झाला की पुरवणीच्या डेस्कवर, हे आपल्याला इथे बसून कळणार नाही. म्हणून "आपल्या कार्यालयाने पुसले" हे वाक्य काढायचं.

प्रमोद, 10:02
मग संपादकांना लिहायचं कशाला? ते म्हणतील, आम्हाला आला तसा छापला.

माधवकाका, 10:09
म्हणू देत. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरातली प्रेसलाइन वाच. मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं असतात, आणि वृत्तनिवडीची जबाबदारी कोणाची तेही लिहिलेलं असतं. बदल कोणीही केलेला असो, छापला त्यांनी आणि दुरुस्तीही त्यांनाच छापता येईल. फोटो कोणाकडून आला हे आपण विचारायचं, उत्तर त्यांना देऊ दे.

सुषमाकाकू (बी-102), 10:20
मला हे सगळं पटतंय, पण एका छोट्या फोटोसाठी पेपरशी वाकडं घ्यायचं का? पुढच्या वेळी आपली बातमीच घेणार नाहीत. शिवाय फोटो तर लोक नेहमीच थोडे नीट करतात.

माधवकाका, 10:41
काकू, "नीट करणं" कुठे संपतं याची रेघ या धंद्यात ठरलेली आहे. उजेड-अंधार सारखा करणं, कड कापणं चालतं. चौकटीतली वस्तू काढणं किंवा घालणं चालत नाही. असोसिएटेड प्रेसचं उदाहरण सांगतो. नार्सिसो काँट्रेरास हा पुलित्झर मिळालेल्या चमूतला छायाचित्रकार. सीरियातल्या एका फोटोच्या कोपऱ्यात सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा आला होता, तेवढा त्याने पुसला. 2014 मध्ये एपीने त्याच्याशी संबंध तोडले. तिथे नुसता कॅमेरा होता, इथे माणूस आहे.

दुसरं उदाहरण आपल्याला जवळचं आहे. मे 2011 मध्ये ओसामा बिन लादेनवरची कारवाई बघत बसलेल्या ओबामा आणि सहकाऱ्यांचा व्हाइट हाउसमधला फोटो जगभर छापला गेला. ब्रुकलिनच्या 'दी त्साइटुंग' या यिद्दिश साप्ताहिकाने त्यातून हिलरी क्लिंटन आणि ऑड्री टोमासन या दोघी स्त्रियांना काढून टाकलं. मूळ फोटो सगळ्यांना बघायला खुला होता, त्यामुळे वाद घालायला जागाच उरली नाही. साप्ताहिकाला खेद व्यक्त करावा लागला. तिथे तक्रार टिकली ती मूळ फोटोमुळे. आपल्याकडेही मूळ आहे.

नीलिमा, 10:50
सुमनताईंना कोणी विचारलंय का? पत्रात त्यांचं नाव जाणार. त्यांना नको असेल तर?

अनघा, 10:52
मी जाते खाली.

अनघा, 11:25
भेटले. पेपर दाखवला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग त्या नारिंगी टोकांवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही माझी बोटं हायेत. मी तिथं उभी होते. माझं नाव घाला, पूर्ण घाला." आधी पेपर घरी न्यायचा म्हणून दोन प्रती सांगून ठेवल्या होत्या त्यांनी. पत्र पाठवण्यापूर्वी मी त्यांना वाचून दाखवणार आहे.

माधवकाका, 12:30
मग हा मसुदा. मुद्दाम छोटा ठेवलाय.

*मा. संपादक यांस,*
*आजच्या शहर पुरवणीत पान 3 वर आमच्या सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या खत प्रकल्पाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले आहे. मूळ छायाचित्रात नऊ व्यक्ती आहेत. प्रसिद्ध छायाचित्रात आठ दिसतात. डावीकडून दुसऱ्या क्रमांकावर उभ्या असलेल्या श्रीमती सुमन जाधव त्यात नाहीत. गेली दोन वर्षे या प्रकल्पाचे रोजचे काम त्या करतात.*
*त्या जागी कुंडी दिसते. तशी दुसरी कुंडी आमच्या आवारात नाही. प्रमाणपत्राच्या खालच्या कडेला नारिंगी हातमोज्यातील बोटे मात्र राहिली आहेत आणि जमिनीवर एक सावली माणसाविना आहे. यावरून छायाचित्रातून एक व्यक्ती काढली गेल्याचे दिसते. हा बदल कोणी आणि कोठे केला हे आम्हांस माहीत नाही. तसा आरोप आम्ही करीत नाही.*
*आमच्या सचिवांनी आपल्या प्रतिनिधींना पाठवलेल्या संदेशात नऊही व्यक्ती आहेत. तेच छायाचित्र आम्ही वॉर्ड कार्यालयासही दिले होते. मूळ फाइल व त्या संदेशाचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे.*
*विनंती अशी: मूळ छायाचित्र त्याच पुरवणीत, त्याच पानावर, नऊ नावांसह दुरुस्ती म्हणून छापावे, ई-पेपरमध्येही दुरुस्तीची नोंद करावी, आणि प्रसिद्ध झालेले छायाचित्र आपणांकडे कोणाकडून आले ते आम्हांस कळवावे.*

प्रमोद, 12:38
माझ्यापेक्षा हे जास्त लागेल. निषेध शब्द नसला तरी चालेल. वॉर्ड ऑफिसचा उल्लेख ठेवायचाच का? आपलीच बाजू कमजोर होते.

माधवकाका, 12:44
ठेवायचा. आपण लपवला आणि त्यांनी शोधला, तर बाकीच्या ओळींवर कोण विश्वास ठेवील?

अ‍ॅड. मेधा (ए-202), 1:05
मसुदा योग्य आहे. "दिसते" शब्द तसाच ठेवा. उत्तर आलं नाही तर पुढची पायरी प्रेस कौन्सिल ऑफ इंडिया. तिथे तक्रार करण्याआधी संपादकांना लेखी कळवावं लागतं आणि त्या पत्राची प्रत जोडावी लागते, म्हणून आजचं पत्र पोचेसह जायला हवं. दैनिकाच्या बाबतीत तक्रार प्रसिद्धीपासून दोन महिन्यांत करायची असते. एक स्पष्ट सांगते, कौन्सिल ताकीद देऊ शकते, ठपका ठेवू शकते, पण दंड करू शकत नाही. तेवढीच अपेक्षा ठेवून जायचं.

कुलकर्णी सेक्रेटरी, 1:12
लेटरहेडवर काढतो. वॉर्ड ऑफिसलाही वेगळं पत्र देतो, त्यांनी कोणती फाइल पुढे पाठवली ते विचारायला. ते माझ्याकडून गेलं होतं, मीच विचारतो.

सुषमाकाकू, 1:20
माझीही सही घ्या.

सोमवार

अनघा, सकाळी 11:47
रात्री ईमेल गेला, मूळ फाइल जोडून. आत्ता कार्यालयात छापील प्रत दिली, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतली. सह्या सतरा झाल्या. पहिली सुमनताईंची आहे, माधवकाकांनी ती जागा रिकामी ठेवली होती.