मदत हवी आहे: जिन्याच्या पायरीतले लाइट, प्लास्टरच्या आधी

परभणीत घराचं काम चालू आहे, सोमवारी जिन्याचं प्लास्टर. 16 पायऱ्या आहेत. आईला रात्री उतरताना कडा दिसत नाही, म्हणून एक सोडून एक उभ्या पाटीत लाइट बसवायचेत: 2 वॅटचे 8, म्हणजे 16 वॅट.

इलेक्ट्रिशियन म्हणतो, 230 व्होल्टच थेट द्या. मला ते पटत नाही. आमच्याकडे जिना बादलीभर पाण्यानं धुतात, लाइट पायाशी. म्हणून 24 व्होल्टचा, मेनपासून विलग आउटपुटचा 30 वॅट ड्रायव्हर घेतोय. सगळे लाइट समांतर, 1.5 स्क्वेअर एमएम वायर. शेवटचा लाइट 14 मीटरवर, तिथपर्यंत पाव व्होल्टसुद्धा पडत नाही.

अडलंय दोन ठिकाणी. ड्रायव्हर भिंतीत गाडला तर बिघडल्यावर फोडाफोड, म्हणून जिन्याखालच्या कपाटात ठेवावा का? तिथे हवा पुरेल? आणि उभ्या पाटीवर 18 एमएम ग्रॅनाइट येणार, खाली मसाला वेगळा. बॉक्स आत्ता किती बाहेर ठेवू, म्हणजे तोंड ग्रॅनाइटशी सपाट येईल? स्लॅबची सळई उघडी पडेल म्हणून खोल टाचायचं नाहीये. कुणी केलं असेल तर प्लास्टरआधीचे फोटो टाका.