विषय: कोथरूडचा फ्लॅट, पाहुणा म्हणतोय नाव बदला

मिलिंद:
मंडळी, गणपतीतलं ते बुकिंग, शुक्रवारपासून तीन रात्री. नॉन-रिफंडेबल, पैसे जमा. काल भलत्याच ईमेलवरून पत्र आलं : मी येत नाही, मावसभाऊ येईल, नाव बदला. पुण्यात सकाळ झालीये, फ्लॅट सांभाळणाऱ्या मावशींना किल्ली कोणाला द्यायची ते सांगायचंय. रद्द करून नव्यानं घेऊ?

सुनंदाताई:
मिलिंद, रद्द करू नकोस. रद्द झालं की तारखा साइटवर खुल्या होतात आणि दुसराच कोणी उचलतो. वाचल्या तरी नवं बुकिंग आजच्या दरानं पडेल, मग फरकावरून वाद. आहे त्याच बुकिंगमध्ये फक्त राहणाऱ्याचं नाव बदल.

आणि त्या नव्या पत्त्यावर उत्तर देऊ नकोस. बुकिंगवर जो ईमेल नि फोन आहे, तिथे विचार. मूळ माणसाच्या लेखी होकाराशिवाय किल्ली दिलीस आणि तोच बॅग घेऊन दारात आला, किंवा ‘मी राहिलोच नाही’ म्हणत त्यानं बँकेकडून पैसे परत मागितले, तर दाखवणार काय?

अरुणकाका:
विमान कंपन्या सहसा दुसऱ्याच्या नावावर तिकीट करून देत नाहीत. चौकशी करून ठेवा.

शशांक:
काका, फ्लॅट आहे, विमान नाही. ताईंचं पटलं, पण आम्ही नावात काहीही बदललं तरी सरसकट ५०० घेतो. भांडण मिटतं.

सुनंदाताई:
शशांक, ‘कुलकर्णी’त एक अक्षर चुकलं म्हणून ५००? फोन, ईमेल तेच आणि माणूस तोच, तर ती दुरुस्ती, फुकट करायची. लग्नानंतरचं आडनावही त्यातच. माणूस बदलला तर गोष्ट वेगळी. नियम असा लिहा :

‘नावातील चूक विनाशुल्क दुरुस्त केली जाईल. राहणारी व्यक्ती बदलायची असल्यास मूळ बुकिंग करणाऱ्याने नोंदवलेल्या ईमेलवरून आगमनाच्या २४ तास आधी कळवावे. दर, तारखा व रद्द करण्याच्या अटी तशाच राहतील. परतावा देय असल्यास ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने मिळेल.’

शेवटचं वाक्य गाळू नका. नाहीतर मावसभाऊच परतावा मागतो.

मिलिंद, तू असं पत्र पाठव, जुन्याच पत्त्यावर :

‘नमस्कार. आपल्या बुकिंगवरील पाहुण्याचे नाव बदलण्याची विनंती दुसऱ्या ईमेलवरून आली आहे. ती आपलीच असल्यास याच पत्राला “मान्य” असे उत्तर द्यावे आणि येणाऱ्याचे ओळखपत्रावरील पूर्ण नाव व फोन नंबर कळवावा. होकार येईपर्यंत बुकिंग आपल्याच नावावर राहील.’

साइटवरचं बुकिंग असेल तर होकार तिथल्याच मेसेजमध्ये घे, वाद झाला तर साइट तेच बघते.

मिलिंद:
पाठवलं. मावसभाऊ बहुतेक अमेरिकन पासपोर्टवर आहे.

सुनंदाताई:
मग पासपोर्ट नि व्हिसाचे फोटो आधी मागव. परदेशी पाहुण्याची पोलिसांकडची ऑनलाइन नोंद आल्यापासून २४ तासांत करावी लागते, आणि त्यात पासपोर्टवरचंच नाव चालतं. घरात म्हणतात ते ‘बंटी’ नको.

शशांक:
नियम आपल्या फ्लॅटमालकांच्या मंडळाच्या पानावर मी टाकतो, ते पान माझ्याकडे आहे. पण माणूस बदलला तर ५०० ठेवतोय.

सुनंदाताई:
तुझ्या फ्लॅटला ठेव. सगळ्यांच्या नावानं नको.