वॉचमनच्या पगाराचा हिशेब : सोसायटी ग्रुपवरील चर्चा

महाजन (बी-203): सचिव साहेब, सुरक्षा एजन्सीच्या नव्या कराराचा कागद आपण टाकलात. त्यात दोन वॉचमनचे मिळून महिन्याला 30,000 रुपये आहेत. गेटवरच्या दादांना विचारले, तर त्यांच्या हातात 11,000 पडतात. हे किमान वेतनात बसते का, ते सही करण्यापूर्वी कळावे.

चौधरी अण्णा (ए-101): मेंटेनन्स किती वाढेल, तेवढे सांगा.

पाटील (सचिव): महाजन भाऊ, सर्व कायदे पाळतो असे एजन्सीने लेखी दिले आहे. गेल्या वर्षी एजन्सी बदलण्याचा हट्ट कोणाचा होता, हेही सर्वांच्या स्मरणात असेलच.

महाजन (बी-203): माझाच होता, आणि दर तेव्हाही कोणी तपासला नव्हता.

सोनवणे ताई (सी-304): कारखान्यात अनेक वर्षे पगारपत्रके केली आहेत, म्हणून लिहिते. किमान वेतन राज्य सरकार अधिसूचनेने ठरवते. कामगार कुशल, अर्धकुशल की अकुशल आणि जागा कोणत्या परिमंडळात, यावर मूळ दर ठरतो. त्यावर विशेष भत्ता येतो, आणि महागाईच्या निर्देशांकानुसार तो 1 जानेवारी व 1 जुलैला बदलतो. म्हणजे गेल्या वर्षीचा बरोबर दर आज कमी पडलेला असू शकतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली असली, तरी राज्याचे नवे दर येईपर्यंत जुन्या अधिसूचनाच आधाराला आहेत.

बडगुजर (बी-102): ताई, मुंबईचा दर जळगावला कसा चालेल?

सोनवणे ताई: मुंबईचा नकोच. पण आपण जळगाव महापालिकेच्या हद्दीत आहोत, त्यामुळे एजन्सीने बाहेरच्या ग्रामपंचायतीचा स्वस्त दर लावला तर तोही चालणार नाही.

चौधरी अण्णा: मेंटेनन्स किती वाढेल?

सोनवणे ताई: अण्णा, त्याच हिशेबाकडे येते आहे. खरा दर अधिसूचनेतून घ्यावा. समजण्यासाठी भत्त्यासह 13,000 धरा. हा आकडा 26 दिवसांचा असतो, म्हणून रोज 500 रुपये आणि आठ तासांच्या हिशेबाने तासाला 62.50. आपले दादा बारा तास उभे असतात आणि वरच्या चार तासांना दुप्पट दर, म्हणजे आणखी 500. एका दिवसाचे 1,000 झाले. आपण 30 दिवस, 12 तासांचे 11,000 देतो, म्हणजे तासाला साधारण साडेतीस रुपये. एजन्सी ‘11,000 म्हणजे 13,000 च्या जवळच’ असे सांगते, तेव्हा ती महिना दाखवते आणि तास झाकते.

बडगुजर: रात्री दोनला ते खुर्चीवर घोरत असतात, ते तासही धरायचे का? 😄

सोनवणे ताई: गेट सोडून घरी जायची मुभा नसेल, तर ती ड्यूटीच.

पाटील (सचिव): दिवस नऊ तासांचा असतो, असे एजन्सीवाले म्हणतात.

सोनवणे ताई: नऊ धरले तरी बारा तासांचे सुमारे 833 होतात. 11,000 कोणत्याच रीतीने बसत नाहीत.

चौधरी अण्णा: म्हणजे महिन्याला 60,000? मेंटेनन्स दुप्पट करायचा विचार आहे काय?

सोनवणे ताई: म्हणूनच बारा तासांच्या दोन पाळ्या नकोत. आठ तासांच्या तीन पाळ्यांना महिन्याला 90 ड्यूट्या लागतात, प्रत्येकी 500 धरून 45,000. साप्ताहिक सुट्टीला येणाऱ्या बदली माणसाचा खर्च त्यातच आला. करारातल्या 30,000 पेक्षा 15,000 जास्त, म्हणजे 48 फ्लॅटना प्रत्येकी सुमारे 313. एजन्सीचे कमिशन, राज्य विम्याचा मालकाचा 3.25 टक्के हिस्सा आणि लागू असल्यास भविष्य निर्वाह निधी वेगळा.

बडगुजर: म्हणजे यंदाची भरीत पार्टी वॉचमनच्या नावावर गेली.

महाजन: भरिताची वर्गणी ज्यांनी अजून दिलेली नाही, त्यांनी विनोद करू नयेत.

पाटील (सचिव): कृपया विषयावर राहावे. ताई, पगार एजन्सी देते. मग सोसायटी का अडकेल?

सोनवणे ताई: ठेकेदाराने पूर्ण वेतन दिले नाही, तर आस्थापनेच्या मालकावर जबाबदारी येईल, असे संहितेच्या कलम 43 मध्ये आहे. दावा करायला कामगाराला तीन वर्षे मिळतात आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याचे ओझे मालकावर असते. ‘सर्व कायदे पाळतो’ या एका ओळीने तेव्हा भागणार नाही.

महाजन: मग तपासायचे कसे?

सोनवणे ताई: एजन्सीकडून वेतनचिठ्ठी, हजेरीपत्रक आणि बँकेत पगार जमा झाल्याचा पुरावा मागावा. चिठ्ठीवर बहुधा 26 दिवस, आठ तास आणि 13,000 असेच नीटनेटके लिहिलेले असेल. ते आपल्या गेटवरच्या रजिस्टरशी लावून पाहावे, कारण त्यात दादांच्या येण्या-जाण्याची वेळ त्यांच्याच अक्षरात असते. तिथे 30 दिवस आणि बारा तास निघाले, तर चिठ्ठी खोटी. खात्यात 13,000 जमा होऊन दुसऱ्या दिवशी 2,000 रोख परत घेण्याची रीतही आहे. ती कागदात सापडत नाही, म्हणून दादांना एजन्सीचा माणूस नसताना विचारावे.

वाणी काकू (ए-302): जिने झाडायला येणाऱ्या बाईंचे काय? त्या दोनच तास येतात.

सोनवणे ताई: काकू, अनेक अधिसूचनांमध्ये अर्धवेळ कामाला दिवसाचा दर भागिले आठ आणि वर 15 टक्के, असा तासाचा दर दिलेला असतो. 500 धरले तर तासाला सुमारे 72. आपण काय देतो, ते सचिवांनी सांगावे.

पाटील (सचिव): त्यांचे उक्ते ठरलेले आहे. आकडा पाहून सांगतो.

चौधरी अण्णा: 313 अधिक कमिशन अधिक विमा, म्हणजे एकूण किती?

पाटील (सचिव): अण्णा, एजन्सीकडून तीन पाळ्यांचा लेखी दर उद्या मागवतो, तो आल्याशिवाय एकूण सांगता येणार नाही. तोवर जुन्या करारावर एक महिनाच वाढवून घेऊ. गेटचे रजिस्टर मात्र आज रात्रीच कार्यालयात आणून ठेवतो, कारण या ग्रुपवर एजन्सीचा सुपरवायझरही आहे.