फ्रेंच: दोन क्रियापदांच्या मध्ये 'आ' की 'द'? लक्षात कसं ठेवायचं?

खडीसाखर:
बी-१ची परीक्षा महिन्यावर आली आहे आणि माझं घोडं एकाच ठिकाणी पेंड खातंय. दोन क्रियापदं लागोपाठ आली की मध्ये आ, द की काहीच नाही? क्लासमध्ये दोन पानी यादी मिळाली आहे, पण रात्री पाठ केली की सकाळी पाटी कोरी. परवा 'मी आईला यायला सांगितलं' हे मी 'झे दमांदे आ मा मेर आ व्हनीर' असं लिहिलं. आईला आ लागला, म्हणून पुढेही आ ठोकला. बाईंनी दुसऱ्या आभोवती लाल गोल काढला, कारण काही सांगितलं नाही. घोकंपट्टीशिवाय काही मार्ग आहे का?

लोकल_८_१२:
सोपं आहे. आ म्हणजे पुढे जाणं, द म्हणजे मागे हटणं. सुरू करणं 'कोमांसे आ', थांबवणं 'आरेते द'. मी एवढ्यावरच पास झालो.

मांडवीकाठ:
हे पोर्तुगीजबद्दल आहे ना? आमच्या गोव्यात मी तीच शिकतोय. तिथेही 'कोमेसार आ' आहे. पण 'आकाबार द' म्हणजे नुकतंच काहीतरी केलं, आणि आवडणं म्हटलं की 'गोश्तार द' हवंच.

खडीसाखर:
नाही हो, फ्रेंच. आमच्याकडे आवडण्याला, म्हणजे 'एमे'ला, मध्ये काहीच लागत नाही. तुमचं वाचून आता तिथेही द घालेन मी!

जुना_पंतोजी:
लोकल, तुमचा नियम दोन स्टेशनं चालतो, पुढे गाडी अडते. ठरवणं पुढचंच असतं, तरी 'देसिदे द'. वचन देणं, प्रयत्न करणं यांनाही द. उलट नाद सोडणं म्हणजे मागे हटणं, आणि तिथे 'रनोंसे आ'.

खडीसाखर, तुमच्या लाल गोलाचं कारण सांगतो. आधी माणूस बघा. क्रियापद माणसाला आ लावून घेत असेल, तर पुढच्या कामाला बहुतेक वेळा द लागतो. मागणं, सांगणं, परवानगी देणं, मनाई करणं, सुचवणं, सगळी याच घरातली. म्हणून 'आ मा मेर द व्हनीर'. ठळक अपवाद शिकवण्याचा: 'आप्रांद्र'मध्ये माणसालाही आ, कामालाही आ.

आणि दोन्ही याद्या पाठ करू नका. द-वाली क्रियापदं जास्त आहेत, म्हणून वही फक्त आची ठेवा: सुरू करणं, शिकणं, जमणं, मदत करणं, बोलावणं, भाग पाडणं. त्यात नाही आणि 'व्हुल्वार', 'पुव्हवार', 'द्व्हवार'सारखं बिनशब्दाचंही नाही, तर द लिहून मोकळं व्हा. कधीतरी चुकेल, पण कमी चुकेल. वहीत सुटं क्रियापद नको, स्वतःबद्दलचं अख्खं वाक्य लिहा आणि मोठ्यांदा म्हणा. आ तोंडात बसला पाहिजे, डोळ्यांत नव्हे.

खडीसाखर:
काका, तुमची यादी मराठीत म्हणून बघितली आणि उडालेच! करायला लागले, पोहायला शिकले, करायला जमलं, करायला मदत केली, जेवायला बोलावलं, करायला भाग पाडलं. सगळीकडे '-यला'! आणि 'जायचं ठरवलं', 'बोलायचं टाळलं', 'यायचं वचन दिलं' इथे '-यचं', म्हणजे द. हाच नियम नाही का?

मुक्काम_पोस्ट_मिरज:
आमच्याकडे 'सांगायला विसरले' म्हणतात, आणि 'उब्लिये'ला तर द लागतो. 'जायला नकार दिला' घ्या, तिथेही 'रफ्युझे द'.

जुना_पंतोजी:
मिरजकरांचं बरोबर आहे. माझंच उदाहरणही त्यात बसत नाही: 'यायला सांगितलं' मराठीत, पण फ्रेंचमध्ये द. तरी आची वही लक्षात ठेवायला युक्ती झकास आहे, मला सुचली नव्हती. फक्त उलटा वापर नको: '-यला' दिसला की आ, असं करू नका.

भाग पाडण्यात एक खड्डा आहे. 'ओं मोब्लीझ आ पार्तीर', मला निघायला भाग पाडतात. पण 'झ स्वी ओब्लिझे द पार्तीर', मला निघणं भाग आहे. क्रियापद तेच, पण दुसऱ्या वाक्यात ते विशेषणासारखं वागतं आणि द घेतं. ही दोन वाक्यं जोडीनेच लिहा.

लोकल_८_१२:
आणि 'कोंतिन्युए'? मी दोन्ही ऐकलंय.

जुना_पंतोजी:
दोन्ही चालतात. अर्थामध्ये फरक आहे असं काही जण म्हणतात, मला तो कधी नीट जाणवला नाही.

खडीसाखर:
आजचं वाक्य तपासा: 'झे उब्लिये द्यु दीर आ मा मेर', ते आईला सांगायचं विसरले. द बरोबर आला ना?

जुना_पंतोजी:
द आला, पण 'ल'ला गिळून आला. द आणि ल मिळून द्यु होतो तो नामापुढच्या ल-चा. इथला ल म्हणजे 'ते', तो सुटाच राहतो: 'द ल दीर'. आ-च्या बाबतीतही हेच, 'आ ल फेर', 'ओ फेर' नाही.

खडीसाखर:
अरे देवा. म्हणजे बाईंच्या आणखी एका लाल गोलाचं कारण हेच होतं!