एसएसडी वाचवायच्या नादात पेजफाइल हार्डडिस्कवर टाकू नका

परभणीचा दुकानदार (मूळ पोस्ट)
दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो. १२० जीबीची एसएसडी घेतली की पेजफाइल, म्हणजे रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती फाइल, शिवाय टेम्प अन् ब्राउझरचा कॅश D वर, म्हणजे हार्डडिस्कवर टाका. लिहून लिहून एसएसडी झिजते. C वर फक्त विंडोज ठेवा. माझ्याकडून गेलेली एकही एसएसडी अजून मेली नाही.

जालना दुरुस्ती
असाच सल्ला पाळलेली तीन मशीनं या महिन्यात माझ्या टेबलावर आली, म्हणून सविस्तर लिहायलोय.

शेवटचं मशीन मंठ्याच्या एका सेवा केंद्राचं होतं. ४ जीबी रॅम, १२० जीबी एसएसडी, ५०० जीबीची जुनी हार्डडिस्क. तक्रार अशी की एसएसडी टाकूनही पीकविम्याचा फॉर्म भरताना मशीन दोन-दोन मिनिटं अडकतं, बाहेर शेतकऱ्यांची रांग लागते. टास्क मॅनेजर उघडला तर हार्डडिस्क १०० टक्क्यांवर, अन् वेग सेकंदाला एक एमबीसुद्धा नाही. ही खूण ओळखायला शिका. डिस्क पूर्ण गुंतलेली असून माल हलत नसेल, तर तिचं हेड नुसतं इकडून तिकडं पळतंय.

हिशेब करून बघा. ७२०० आरपीएमच्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी लागते, शिवाय हेड तिथवर सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे एका तुकड्याला बारा-तेरा मिलिसेकंद गेले, सेकंदाला जेमतेम ऐंशी तुकडे. तुकडा ४ केबीचा असेल तर सेकंदाला ३२० केबी मिळाले. हीच डिस्क लग्नाचा व्हिडिओ सलग वाचताना शंभर-दीडशे एमबी देते. साधी साटा एसएसडी मात्र असे लहान तुकडेही सेकंदाला हजारोंनी देते.

पेजफाइल वाचली जाते ती अशीच बारीक बारीक तुकड्यांत. विंडोज ७ च्या वेळी, २००९ साली, मायक्रोसॉफ्टनंच मोजून सांगितलं होतं की पेजफाइलमध्ये एकदा लिहिलं जातं तेव्हा सुमारे चाळीस वेळा वाचलं जातं, अन् दोन-तृतीयांश वाचनं ४ केबीची किंवा त्याहून लहान असतात. एसएसडीवर ठेवायला याहून योग्य फाइल शोधून सापडणार नाही. मंठ्याच्या मशीनची `pagefile.sys` परत C वर आणली, `System managed size` निवडलं, रीस्टार्ट केलं. अडकणं थांबलं. रॅम वाढवा हेही सांगितलं, ते वेगळं.

परभणीचा दुकानदार
वाचायचं कळलं. झिजण्याचं काय? एसएसडी गेली की गिऱ्हाईक माझ्या उरावर बसतं, तुमच्या नाही. वॉरंटीच्या चकरा मी मारतो. एक डिस्क बदलून यायला मागच्या वेळी दीड महिना लागला, तोवर दुकानाची स्वतःची डिस्क काढून दिली.

जालना दुरुस्ती
तो त्रास मलाही आहे. पण अंदाजानं घाबरण्यापेक्षा आकडा बघा. लहान एसएसडीच्या कागदावर लिहिण्याची मर्यादा ४० टीबी दिली आहे असं धरू. रोज २० जीबी लिहिलं तर वर्षाला ७.३ टीबी होतात, म्हणजे साडेपाच वर्षं. मंठ्याच्या डिस्कवर CrystalDiskInfo मध्ये `Total Host Writes` बघितलं, दोन वर्षांत ५,८०० जीबी. रोजचे आठ जीबी पण नाहीत. त्यातली पेजफाइल सुरुवातीला काही महिने D वर नव्हती, तेव्हाचंही यात आलं.

नांदेड फोटो
सरळ गोष्ट आहे, ज्यावर काम चालू ते एसएसडीवर, बाकी हार्डडिस्कवर. मी अख्खं लग्न C वर घेतो, एडिट करतो, मग D वर टाकतो.

जालना दुरुस्ती
अर्धं बरोबर. कॅटलॉग, प्रिव्ह्यू अन् मीडिया कॅश एसएसडीवर हवेतच, कारण तिथं हजारो बारक्या फाइली उघडतात. फुटेजला मात्र तिथं जागा देऊ नका. १०० मेगाबिटचा कॅमेरा सेकंदाला १२.५ एमबी मागतो, दोन कॅमेरे २५. हार्डडिस्क ते आरामात देते. उलट १२० ची एसएसडी काठोकाठ भरली की स्वस्तातल्या डिस्कचा लिहिण्याचा वेग कधीकधी हार्डडिस्कच्याही खाली जातो. वीस-पंचवीस जीबी मोकळे राहू द्या.

नांदेड फोटो
कॉपी करताना शेवटी शेवटी रखडतं, हे खरंय. मी कार्ड रीडरला दोष देत होतो.

हिंगोलीची शिक्षिका
माझ्या लॅपटॉपला C अन् D दोन्ही आहेत. पेजफाइल D वर टाकून झाली तरी तेवढाच स्लो. मग D पण एसएसडी करायची का?

लातूरकर
झीज-झीज काय लावलंय? आमच्याकडं डिस्क झिजायच्या आधी लाइट मारते. गावच्या घरी शेतीच्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज खाली-वर. बहिणीच्या लग्नाचे फोटो एसएसडीवर होते, एकदा लाइट गेली अन् पुन्हा डिस्क दिसलीच नाही. आवाज नाही, इशारा नाही. हार्डडिस्क निदान मरायच्या आधी टकटक करते. रिकव्हरीवाल्यानं हात वर केले. आईला आजपर्यंत सांगितलेलं नाही.

परभणीचा दुकानदार
म्हणूनच म्हणतो, महत्त्वाचं काही एसएसडीवर नको!

जालना दुरुस्ती
वाईट वाटलं, दादा. पण विषय मिसळू नका. फाइल किती मोलाची, यावरून ड्राइव्ह ठरत नाही. ती कशी वाचली जाते, यावरून ठरतो. मोलाची फाइल दोन ठिकाणी असायला पाहिजे, अन् त्यातली एक डिस्क मशीनला लावलेली नको.

लातूरकर
तुम्हाला बोलायला काय जातं? दोन डिस्कांचे पैसे कुणाकडं होते तेव्हा?

जालना दुरुस्ती
चुकलं माझं. सल्ला द्यायची ती वेळ नव्हती.

परभणीचा दुकानदार
जागेचाच प्रश्न असेल तर हायबरनेट बंद करा, अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये `powercfg /h off` द्या. ८ जीबी रॅमवर तीनेक जीबी सुटतात. पेजफाइल हलवायची गरजच नाही.

लातूरकर
ते पण नको. माझा यूपीएस दहा मिनिटं टिकतो, तेवढ्यात मी हायबरनेट करतो. परत लाइट आली की सगळं होतं तिथं उघडं. बंद केलं तर फास्ट स्टार्टअप पण जातो. ज्यांची लाइट जात नाही त्यांनी करावं, माझ्यासारख्यानं नाही.

परभणीचा दुकानदार
हे मात्र मी गिऱ्हाइकाला कधी विचारत नव्हतो, सरसकट बंद करत होतो. ठीक आहे, इथून पुढं पेजफाइल C वर. पण ब्राउझरचा कॅश मी D वरच टाकणार.

जालना दुरुस्ती
त्यातपण बारक्या फाइली असतात.

परभणीचा दुकानदार
असू द्या. तेवढं माझं राहू द्या.

नांदेड फोटो
हिंगोलीच्या ताईंना कुणी उत्तर दिलं का? ताई, डिस्क मॅनेजमेंट उघडा. C अन् D दोन्ही `Disk 0` च्या पट्टीत दिसत असतील, तर ती एकाच डिस्कची दोन नावं आहेत. पेजफाइल या खोलीतून त्या खोलीत गेली एवढंच.

हिंगोलीची शिक्षिका
दोन्ही `Disk 0` मध्येच आहेत. म्हणजे माझ्याकडं एसएसडी नाहीच? विकणाऱ्यानं तर आहे म्हणून सांगितलं होतं.

जालना दुरुस्ती
टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सवर जा, डाव्या बाजूला `Disk 0` च्या खाली SSD की HDD ते लिहिलेलं असतं. काय आहे ते इथं टाका.