शब्दचर्चा: ‘अ‍ॅडजस्ट’ म्हणजे वजावट की समायोजन?

तळटीप
वेबसाइटवरच्या एका प्रयोगाचा अहवाल मराठीत करते आहे. निम्म्या वापरकर्त्यांना जुनं पान दाखवलं, निम्म्यांना नवं. कोणाला कुठलं, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. मोजायचं ते दर माणशी आठवड्यात किती पानं पाहिली. पुढे म्हटलंय की प्रत्येकाचा प्रयोगाआधीचा आकडा समाश्रयणात घेऊन निकाल ‘अ‍ॅडजस्ट’ केला, त्यामुळे प्रचरण घटलं. मी लिहिलं, ‘आधीचा आकडा वजा करून’. संपादकांनी तिथे प्रश्नचिन्ह काढलंय. वजा नाही तर काय करतात?

उंबरठा
वजाच की. आधी किती, नंतर किती, फरक काढला की झालं. ‘पूर्वोत्तर तुलना’ असा सुटसुटीत शब्द आहे. मला तर दोन गट कशाला लागतात तेच कळलं नाही.

मोजपट्टी
उंबरठा, प्रश्न वेगळा आहे. नुसतं आधी-नंतर पाहिलं तर मधल्या काळात सुट्ट्या आल्या, जाहिरात झाली, हे सगळं नव्या पानाच्या खात्यावर जमा होतं. त्यासाठीच दोन गट. इथे तुलना दोन गटांचीच आहे, आधीच्या आकड्याचं काम फक्त गोंगाट कमी करण्याचं. काही माणसं मुळातच रोज तासभर पानं चाळतात, काही महिन्यातून एकदा डोकावतात. हा फरक पानामुळे पडलेला नाही, पण प्रचरणात तोच मोठा वाटा उचलतो.

तळटीप, संपादकांची शंका रास्त आहे. आधीचा आकडा पुरता वजा करत नाहीत, त्याला एका गुणकाने गुणून तेवढाच भाग काढतात. गुणक म्हणजे दोन्ही आकड्यांचं सहप्रचरण भागिले आधीच्या आकड्याचं प्रचरण. ‘वजा करून’ म्हटलं की वाचक गुणक १ धरतो, आणि तिथेच घोटाळा होतो.

आकडे घेऊन पाहा. दोन्ही गटांत १०,००० माणसं, आधीच्या आणि नंतरच्या दोन्ही आकड्यांचं प्रमाण विचलन १५, दोहोंतला सहसंबंध ०.६. विचलनं सारखी असल्यामुळे गुणकही ०.६ येतो. समजा नव्या पानाच्या गटाची सरासरी ०.४० ने जास्त निघाली, पण तो गट प्रयोगाआधीही योगायोगाने ०.१० ने पुढेच होता.

काहीच केलं नाही तर फरक ०.४०, प्रमाण त्रुटी ०.२१. ९५ टक्क्यांची पट्टी उणे ०.०२ ते ०.८२.
पुरतं वजा केलं तर फरक ०.३०, त्रुटी ०.१९. पट्टी उणे ०.०७ ते ०.६७.
गुणक लावला तर फरक ०.४० उणे ०.०६, म्हणजे ०.३४, आणि त्रुटी ०.१७. पट्टी ०.०१ ते ०.६७.

गुणक लावल्यावर प्रचरण मूळच्या ‘१ उणे सहसंबंधाचा वर्ग’ इतकं उरतं, इथे ०.६४ पट. पुरत्या वजावटीने ते ०.८ पटच होतं. आणि सहसंबंध ०.५ च्या खाली गेला की वजावट उलटते: ०.४ असेल तर प्रचरण १.२ पट वाढतं, गुणकाने मात्र ०.८४ पट होतं. तेव्हा ‘वजावट’ नको. ‘समायोजन’ लिहा.

गवताळ
मोजपट्टींशी सहमत, पण ‘समायोजन’ फार कचेरीतलं वाटतं. मी ‘समतोलन’ म्हणेन. गट योगायोगाने असमान पडले होते, ते आपण सारखे करून घेतले. शिवाय वाटणीतच काही गडबड झाली असेल तर तीही यात निस्तरली जाते.

मोजपट्टी
पहिलं म्हणणं बरोबर, दुसरं नाही. योगायोगाचा असमतोल यात निघतो. वाटणीच बिघडली असेल तर नाही. समजा नवं पान जड आहे, आणि ज्यांचा फोन संथ त्यांची नोंद होण्याआधीच ते निघून गेले. ५०-५० ऐवजी ५२-४८ माणसं दिसतील. जे नोंदीतच नाहीत त्यांचा आधीचा आकडा घेऊन करणार काय? आधी माणसं मोजायची. वाटणी ठरल्याप्रमाणे नसेल तर तिथेच थांबायचं. ‘समतोलन’ शब्दाने नेमका हाच खोटा भरवसा मिळतो.

तळटीप
अहवालात तीन ओळींचा कोडही आहे. तो तसाच ठेवते आहे, पण त्यातला `xc` का, हे मराठीत सांगायचंय.

```r
d$xc <- d$x - mean(d$x, na.rm = TRUE)
m <- lm(y ~ t * xc, data = d)
lmtest::coeftest(m, vcov = sandwich::vcovHC(m, type = "HC2"))
```

मोजपट्टी
`y` नंतरचा आकडा, `t` म्हणजे नवं पान दाखवलं की नाही, `x` आधीचा आकडा, `xc` म्हणजे त्यातून सगळ्यांची सरासरी काढून उरलेला. `t * xc` मुळे प्रत्येक गटाला स्वतःचा उतार मिळतो. सरासरी काढली नाही तर `t` समोरचा आकडा हा ‘आधी शून्य पानं पाहणाऱ्या माणसावर झालेला परिणाम’ ठरतो. लोक तोच सरासरी परिणाम म्हणून छापतात, आणि पडद्यावर चुकीची काही खूण दिसत नाही.

आणखी एक गोष्ट तपासायला सांगा. नव्याने आलेल्या माणसांना आधीचा आकडा नसतो, तिथे `NA` असतं, आणि `lm` त्या ओळी गुपचूप गाळतं. `nobs(m)` आणि `nrow(d)` जुळतात का पाहा. जुळत नसतील तर अहवाल फक्त जुन्या वापरकर्त्यांबद्दल बोलतो आहे. उपाय सोपा: तिथे `x` शून्य धरायचा आणि ‘नवा आहे की नाही’ असा वेगळा रकाना समाश्रयणात घालायचा, तोही सरासरी काढून आणि `t` ने गुणून.

उंबरठा
आता आलं ध्यानात. आमच्याकडे प्रयोग चालू असलेल्या आठवड्यातल्या भेटींची संख्या यात घातली होती. सहसंबंध ०.८ च्या वर, त्रुटी एकदम खाली. म्हणजे ते उत्तमच झालं म्हणायचं?

मोजपट्टी
नाही हो, ते सगळ्यात वाईट. नव्या पानामुळे लोक जास्त वेळा आले असतील तर तो परिणाम भेटींत शिरलेला असतो, आणि तुम्ही तोच काढून टाकलात. पट्टी अरुंद होते, पण चुकीच्या आकड्याभोवती. पाहायचं असेल तर त्या भेटींनाच `y` च्या जागी बसवा. आधीचा खरा आकडा असेल तर दोन गटांतला फरक बहुतेक वेळा त्रुटीच्या दुपटीच्या आतच राहतो. इथे त्याबाहेर गेला तर आकडा दूषित आहे. मात्र आत राहिला म्हणून तो शुद्ध ठरत नाही. प्रत्येकाला पान पहिल्यांदा दिसलं त्या क्षणाआधीचंच मोजायचं.

गवताळ
मग हे शब्दातच दिसायला हवं. कोव्हेरिएटला ‘सहचल’ म्हणतात, त्यातून ‘आधीचा’ हा अर्थ निघत नाही. ‘पूर्वनोंद’ का नको?

तळटीप
मला ‘पूर्वनोंद’ आवडला. वाक्य असं करते: ‘प्रत्येक वापरकर्त्याच्या पूर्वनोंदीनुसार निकालाचं समायोजन केलं, त्यामुळे प्रचरण घटलं.’

मोजपट्टी
‘समायोजन’ ठीक. ‘पूर्वनोंदी’वर माझी हरकत राहील. वापरकर्ता कुठल्या उपकरणावरून येतो, केव्हापासून सदस्य आहे, हेही समाश्रयणात घेता येतं, आणि त्यांना कोणी पूर्वनोंद म्हणणार नाही. तुमच्या अहवालात एकच आकडा असेल तर चालेल.

तळटीप
दोन आहेत. दुसरा उपकरणाचा.

गवताळ
मग ‘पूर्वमाहिती’?