‘संध्याकाळपर्यंत हरकत न आल्यास…’ : ईमेलमधले मौन संमती कधी मानावे? (अनुभव धागा)

पारिजातक
आज कामाच्या एका ईमेलमध्ये ‘सायंकाळी सहापर्यंत कोणाची हरकत न आल्यास मान्यता गृहीत धरू’ हे वाक्य वाचले आणि काही वर्षांपूर्वीचा एक दिवाळी अंक आठवला. त्याचे मुद्रितशोधन माझ्याकडे होते. छापखान्यात गर्दी होती आणि आमचा अंक दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनवर चढणार होता. संपादकांनी दुपारी एक वाजता सर्व लेखकांना मिळून एकच ईमेल पाठवली, सोबत संपूर्ण अंकाची पीडीएफ जोडली आणि हरकतीसाठी सहापर्यंतची मुदत दिली. एका दीर्घ लेखातील दोन परिच्छेद जागेअभावी गाळले होते, परंतु त्याचा उल्लेख ईमेलमध्ये नव्हता.

त्या लेखाच्या लेखिका न्यू जर्सीत राहतात. ऑक्टोबरात आपल्याकडे दुपारचा एक वाजतो तेव्हा तिथे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात आणि आपल्याकडच्या सहाला तिथे सकाळचे साडेआठ होतात. मुदतीचा बहुतेक काळ त्या झोपेत होत्या. त्यांची हरकत आपल्याकडच्या सात वाजता आली. प्लेट तयार झाल्या होत्या, पण छपाई सुरू झालेली नव्हती. लेख ज्या फर्म्यात, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गटात, होता त्याच्या दोन प्लेट नव्याने कराव्या लागल्या असत्या आणि जागेसाठी एक रेखाचित्र काढावे लागले असते. संपादकांनी मात्र मुदत संपली म्हणजे संमती मिळाली असे धरून अंक छापला.

त्याच ईमेलला पुण्यातल्या एका लेखकांनी ‘पाहिले, ठीक आहे’ असे उत्तर दिले होते. नागपूरच्या एक कवयित्रीही गप्प राहिल्या. त्यांच्या कवितेत काही बदललेले नव्हते, आणि पीडीएफ पाहून समाधान झाल्यामुळेच त्यांनी उत्तर दिले नाही असे पुढे कळले. संपादकांच्या दृष्टीने कवयित्री आणि लेखिका या दोघींचे मौन सारखेच होते, पण एकीने पाहिले होते आणि दुसरीपर्यंत प्रश्नच पोहोचला नव्हता. असे मौन खरी संमती होती की नाही हे आपण कशावरून ओळखता?

कासवगती
कायद्याने हा प्रश्न कधीच निकाली काढला आहे. इंग्लंडमध्ये १८६२ साली फेल्टहाउस विरुद्ध बिंडले या खटल्यात काकांनी पुतण्याला लिहिले होते की तुझ्याकडून काही कळले नाही तर घोडा तीस पौंड पंधरा शिलिंगांना माझा झाला असे मी समजेन. पुतण्याने उत्तर दिले नाही, आणि न्यायालयाने करार झालाच नाही असे ठरवले. त्यामुळे मौन म्हणजे संमती असे कोणत्याही परिस्थितीत धरता येत नाही.

कार्यवृत्त
कासवगती, समोरच्याने उत्तर न दिल्यास तो बांधला जाईल असे एकाने परस्पर ठरवता येत नाही, एवढा भाग बरोबर आहे. मात्र ‘कोणत्याही परिस्थितीत’ हे बरोबर नाही. १९३० च्या माल विक्री कायद्यानुसार खरेदीदाराने माल वाजवी मुदतीपलीकडे ठेवून घेतला आणि नाकारल्याचे कळवले नाही, तर त्याने तो स्वीकारला असे मानले जाते. लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्यात लेखी हरकतीसाठी पंधरा दिवस दिलेले आहेत. दोन्ही ठिकाणी मौनाचा अर्थ कायद्याने आधीच सांगितला आहे आणि माल समोरच्याच्या हातात पोहोचलेला आहे. पारिजातक यांच्या लेखिकेच्या बाबतीत यांतले एकही नव्हते.

मी कंपनी सचिव म्हणून काम करते. संचालकांची बैठक न बोलावता मसुदा फिरवून ठराव करता येतो, आणि ही पद्धत ईमेलच्या साखळीच्या सर्वांत जवळची आहे. तिथे उत्तरासाठी सात दिवसांपेक्षा जास्त मुदत देता येत नाही. मुदतीत उत्तर न देणारा संचालक तटस्थ राहिला असे मानतात, त्याची गणना होकारांत होत नाही, आणि ठराव मंजूर व्हायला मतदानाचा हक्क असलेल्यांचे बहुमत स्पष्टपणे लागते. नवीन संचालकांना हे पहिल्यांदा सांगावे लागते, कारण ‘कोणी काही बोलले नाही, म्हणजे झाले’ असे त्यांनाही वाटत असते.

उंबरठा
आमच्या घराच्या बांधकाम परवानगीचा अर्ज असाच पडून राहिला होता. साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते, असे महाराष्ट्राच्या नगररचना कायद्याच्या पंचेचाळिसाव्या कलमात आहे, म्हणून आम्ही पाया खोदायला घेणार होतो. वास्तुविशारदांनी थांबवले, कारण आराखडा नियमांत तंतोतंत बसत असेल तरच ही मानीव परवानगी टिकते, आणि हद्दीपासून मोकळे सोडायचे आमचे सामासिक अंतर एका बाजूला कमी होते. याबाबत कोणाचा अनुभव असल्यास कृपया सांगावा.

कार्यवृत्त
उंबरठा, आपला विषय प्राधिकरणाच्या मौनाचा आहे, तो थोडा वेगळा पडतो. तिथेही मौनाचा अर्थ कायदाच ठरवतो, आणि तो उलटही असू शकतो. माहिती अधिकाराच्या अर्जावर ठरलेल्या मुदतीत निर्णय आला नाही तर तो नकार मानला जातो.

रानजाई
त्या लेखिकेबद्दल वाईट वाटले. गाळलेल्या परिच्छेदांसाठी शुद्धिपत्र तरी जोडले होते का?

पारिजातक
जोडले होते, पण शुद्धिपत्रात चुकीचा शब्द दुरुस्त करता येतो, गाळलेला युक्तिवाद परत आणता येत नाही. त्यांनी पुढच्या वर्षी त्या अंकासाठी लेख दिला नाही.

सह्याद्रीपार
मी मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांत काम करतो आणि तिथे मौनाला संमती मानण्याचा रिवाज उघड लिहिलेला असतो. अपाचे फाउंडेशनच्या प्रकल्पांत एखादा बदल सुचवून साधारण ७२ तास वाट पाहतात आणि कोणी हरकत घेतली नाही तर पुढे जातात. वेगवेगळ्या देशांतल्या लोकांना एकदा तरी जागेपणी ईमेल वाचता यावी, हा या तासांचा उपयोग आहे. त्याहून महत्त्वाचे असे की हरकत उशिरा आली तरी बदल मागे घेता येतो. याच प्रकल्पांत नवी आवृत्ती प्रसिद्ध करायची असेल तेव्हा मात्र मौन चालत नाही, किमान तीन जणांनी `+1` असे स्पष्ट लिहावे लागते, कारण लोकांनी उतरवून घेतलेली आवृत्ती परत बोलावता येत नाही. पारिजातक यांच्या अंकात छपाई ही प्रसिद्ध होणारी आवृत्ती होती, आणि तिला सॉफ्टवेअरमधल्या किरकोळ बदलाचा नियम लावला गेला.

कासवगती
कार्यवृत्त, दुरुस्ती मान्य आहे. तरी एक शंका राहते. समजा लेखिकेने ईमेल सातऐवजी पाच वाजता उघडली असती, गाळलेले परिच्छेद पाहिले असते आणि रागाने गप्प बसल्या असत्या, तर ती संमती मानायची का? माझ्या मते मानावी लागेल, नाही तर कोणतेही काम पुढे सरकणार नाही.

कार्यवृत्त
मी मानणार नाही. ईमेल उघडली गेली एवढेच कळते, गाळलेला मजकूर डोळ्यांखालून गेला की नाही हे कळत नाही. ‘पृष्ठ अमुकवरील दोन परिच्छेद गाळले आहेत’ असे पहिल्या ओळीत, त्यांच्या एकटीच्या नावाने लिहिलेले असते, तर मी कदाचित तुमच्या बाजूने आले असते.

सह्याद्रीपार
त्या लेखिका आधी कधी हरकत घेत होत्या का, हेही मी पाहिले असते. एरवी प्रत्येक स्वल्पविरामाबद्दल लिहिणारी व्यक्ती अचानक गप्प झाली, तर माझा पहिला अंदाज असा असतो की ईमेल तिच्यापर्यंत पोहोचलेली नाही.

शाईवाला
माझा छापखाना आहे. शेवटच्या मुद्रितावर ‘छापण्यास हरकत नाही’ असे लिहून सही घेण्याची आमची जुनी पद्धत होती. आता ग्राहक ईमेलवरच काम करतात आणि बरेच जण उत्तर देत नाहीत. अशा वेळी ज्या पानांत शेवटच्या फेरीत बदल झाला असेल, तेवढ्याच पानांची चित्रे त्या त्या लेखकाला वेगळी पाठवून मी दूरध्वनी करतो. उत्तर मिळाले नाही तर तो फर्मा बाजूला ठेवून त्याच अंकाचे बाकीचे फर्मे आधी चढवतो, त्यामुळे बहुतेक वेळा रात्रभराची सवड मिळते. मुखपृष्ठाच्या बाबतीत मात्र मी सहीशिवाय मशीन सुरू करत नाही. यावरून एका संपादकांशी माझे अजूनही पटलेले नाही. त्यांच्या मते उशिराचा भुर्दंड गप्प राहणाऱ्याने सोसावा.